आयफोन १५ की १५ प्रो: पोर्ट सारखा, आतलं वेगळं

समजा निपाणीच्या लग्नाचा ६० जीबी व्हिडिओ लॅपटॉपवर घ्यायचाय. दोन्ही फोनला टाइप-सीच, पण साध्या १५ मध्ये यूएसबी २ आहे, ४८० एमबीपीएस, हे मेगाबिट झाले, एमबीसाठी आठने भागायचं, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला ४० एमबी धरली तर २५ मिनिटं बसायचं की, आणि प्रोला १० जीबीपीएस, लॅपटॉपचा पोर्ट नि डिस्क फास्ट असली तर दोन-तीन मिनिटांत काम खलास. पण बघा, प्रोच्या बॉक्समधली केबलपण यूएसबी २ चीच, ती लावली तर तोही तितकाच हळू, १० जीबीपीएसची केबल वेगळी घ्यायला लागते.

टीव्हीला मात्र दोन्ही चालतात, डिस्प्लेपोर्ट, म्हणजे त्याच टाइप-सीतून स्क्रीनला चित्र पाठवायची सोय, दोघांत आहे, एचडीएमआय अडॅप्टर लावा झालं. पेनड्राइव्हही दोन्हीला चालतो. बाहेरच्या एसएसडीवर थेट प्रोरेस, म्हणजे ॲपलच्या भारी क्वालिटीच्या व्हिडिओ फॉरमॅटमधलं, रेकॉर्डिंग तेवढं प्रोलाच.