‘फक्त काच गेलीय’ म्हणत उघडलेला फोन

मिरजेच्या माझ्या मावशीचा फोन जिन्यावरून पडला. खालच्या डाव्या कोपऱ्यातून तडे निघून काच वरपर्यंत चिरली आणि टच मध्येच लागेनासा झाला. मावसभावाने फोनचा फोटो काढून घराजवळच्या एका मोबाईल दुकानदाराला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि सोबत स्पष्ट लिहिलं, ‘टच मधूनमधून चालत नाही, दुरुस्त होईल का की नवीनच घ्यावा?’ दोन मिनिटांत उत्तर आलं: ‘फक्त काच गेलीय. १२०० होतील. नवीन कशाला घेताय?’

संध्याकाळी मी पुण्यातून त्याच दुकानदाराला यूपीआयने २८०० रुपये पाठवले. मधल्या काही तासांत काय झालं ते नीट सांगतो, कारण हा खेळ ठरलेला आहे आणि कुठल्याही गावात असाच खेळला जातो.

मावशी दुकानात पोचली तेव्हा फोन चालू होता. चित्र पूर्ण दिसत होतं, कुठे काळा डाग नाही, उभी हिरवी रेघ नाही. दुकानदाराने फोन आत नेला आणि अर्ध्या तासाने उघडलेला फोन बाहेर आणून दाखवला. ‘काकू, आतून टचपण गेलाय. काच बसवून उपयोग नाही, काच, टच आणि डिस्प्ले असा पूर्ण कॉम्बो लागेल. ओरिजिनल टाकतो, २८००.’ फोनचं पोट उघडलेलं, दुसरीकडे न्यावा तर तो तसाच कसा न्यायचा, आणि आत तिच्या भजनी मंडळाची सगळी रेकॉर्डिंगं. ती हो म्हणाली. मला फोन करून म्हणाली, ‘ओरिजिनल आहे म्हणतोय रे, पाठव पैसे.’ ओरिजिनल २८०० ला मिळतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणेल?

खोटं मात्र त्या पहिल्या मेसेजातच होतं. पूर्वीच्या बऱ्याच फोनमध्ये टच वरच्या काचेलाच चिकटलेला असे. काच बदलली की टचही नवा व्हायचा, म्हणून ‘काच बदलली की टच ठीक होतो’ हे लोकांच्या डोक्यात अजून पक्कं बसलेलं आहे. मावशीचा फोन २०२१ चा, ॲमोलेड स्क्रीनचा. अशा स्क्रीनमध्ये टचची जाळी चित्र दाखवणाऱ्या पॅनेलवरच असते आणि वरची काच म्हणजे नुसतं झाकण. त्यामुळे नुसती काच बदलणं हे काम तेव्हाच चालतं, जेव्हा चित्रही अख्खं असतं आणि टचही. टच पॅनेलमधूनच गेला असेल तर वरची काच कितीही नवी घाला, तो येणार नाही. हे रोज फोन उघडणाऱ्या माणसाला माहीत नसतं असं मी मानत नाही. १२०० चा आकडा फोन दुकानात आणण्यासाठी होता. एकदा फोन उघडला की भाव तोच ठरवणार.

फोटोत तडे दिसतात, शाईसारखा पसरलेला डाग दिसतो, रेघा दिसतात. टच कुठे मेलाय ते दिसत नाही, फ्रेम वाकली आहे का ते दिसत नाही. म्हणून फोटो बघून कोणी ‘फक्त’ असं म्हणालं की तिथेच थांबावं.

टच नक्की कुठे गेलाय हे घरी बघता येतं. आधी स्क्रीनगार्ड काढायचा, कारण फुटलेल्या गार्डखाली हवा किंवा ओल शिरली की टच वेड्यासारखा वागतो. चार्जर काढायचा, हलक्या चार्जरवरही टच उड्या मारतो. फोन आडवा धरून पाठ फुगली आहे का पाहायचं. बॅटरी फुगून आतून स्क्रीनला रेटत असेल तर रोग वेगळाच आहे, आणि तो फोन चार्जिंगला लावू नये. एवढं झाल्यावर एखाद्या ॲपचं चिन्ह बोटाने दाबून धरायचं आणि पूर्ण स्क्रीनभर हळूहळू फिरवायचं, ओळीओळीने. ते दर वेळी त्याच पट्ट्यात हातातून सुटत असेल तर पॅनेलचा तो भाग गेला असण्याची शक्यता मोठी. जागा बदलत असेल, कधी चालतो कधी नाही असं असेल, तर फोन पडल्यामुळे स्क्रीनला जोडणारी आतली पट्टी कनेक्टरमधून सैल झालेली असू शकते. ती पुन्हा बसवणं हे किरकोळ काम आहे. अजून बारकाईने बघायचं असेल तर सेटिंगमध्ये Build number वर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडायचे आणि Pointer location चालू करायचं. बोट फिरेल तशी रेघ उमटते आणि जिथे टच मेलाय तिथे ती तुटते. या रेघेचा फोटो काढून ठेवला तर दुकानात ‘आतून गेलाय’ हे ऐकून घ्यावं लागत नाही.

मावशीच्या फोनचा टच कोणत्या कारणाने जात होता हे आता कधीच कळणार नाही. जुना स्क्रीन दुकानातच राहिला. मावसभावाने दुसऱ्या दिवशी मागितला तर ‘कचऱ्यात टाकला’ असं उत्तर मिळालं. आता ज्याचं चित्र शाबूत आहे असा ॲमोलेड कोणी कचऱ्यात टाकत नाही. फुटक्या काचेचे असे पॅनेल विकत घेणारे लोक आहेत. गरम प्लेटवर ठेवून बारीक तारेने काच सोडवतात, नवी काच चिकटवतात आणि तोच पॅनेल पुन्हा ‘ओरिजिनल’ म्हणून बाजारात येतो. टचही बरा असेल तर त्याची किंमत आणखी वाढते. म्हणजे दुकानदाराने मावशीकडून पैसेही घेतले आणि बहुधा मालही.

बदल्यात काय घातलं ते मी गावी गेलो तेव्हा पाहिलं. मावशीची तक्रार एवढीच होती की बोटाने फोन उघडत नाही. दुकानदार म्हणाला होता, ‘काकू, नवीन गार्डमुळे तसं होतं, दोन दिवसांत बसेल.’ तिच्या फोनचा फिंगर सेन्सर स्क्रीनच्या खाली आहे. तो स्क्रीनमधून आरपार बोट पाहतो. ॲमोलेडमध्ये हे जमतं, कारण प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि त्याच्या मागे दिव्याचा थर नसतो. साध्या एलसीडीला मागून बॅकलाइट लागते, आणि त्या थरातून असल्या सेन्सरला बोट दिसत नाही. म्हणून ॲमोलेड फोनमध्ये स्वस्तातला एलसीडीचा कॉपी कॉम्बो घातला की सगळ्यात आधी बोटाचं लॉक जातं. मी खोलीतला दिवा घालवून पूर्ण काळं चित्र उघडलं. ओरिजिनलवर तिथे फोन आहे की नाही हेही कळलं नसतं, इथे अख्खा स्क्रीन राखाडी उजळलेला. कडेवरून नख फिरवलं तर काच फ्रेमच्या वर आलेली होती, कारण एलसीडी जाड असतो. दुकानातून निघण्याआधी हे सगळं पाच मिनिटांत तपासता येतं. पण पैसे देण्याआधी.

एक मात्र सांगतो, कॉपी स्क्रीन घालणं हा काही गुन्हा नाही. मावशीला फोनवर भजनं ऐकायची, बहिणीशी व्हिडिओ कॉल करायचा. अजून वर्षभर फोन चालावा म्हणून ‘हा कॉपी आहे, बोटाचं लॉक चालणार नाही, १८०० पडतील’ असं कोणी सरळ सांगितलं असतं तर मीच तिला घे म्हटलं असतं. कॉपी विकणाऱ्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण त्या ‘ओरिजिनल’ शब्दाशी आहे.

आता दुरुस्त करायचा की नवीन घ्यायचा, हा मूळ प्रश्न. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला मी नंतर विचारलं. फ्रेमसकट स्क्रीन, मजुरी आणि जीएसटी धरून ६४०० सांगितले. तेच मॉडेल चांगल्या अवस्थेत जुन्या बाजारात ६००० ला मिळत होतं. सुरक्षा अपडेटही बंद झालेली होती, त्यात बँकेचं ॲप. म्हणजे ओरिजिनल स्क्रीन घालणं हिशेबात बसत नव्हतं. हाच फोन दोन वर्षांचा असता आणि बाजारात त्याला १२००० मिळत असते, तर ६४०० खर्चून ओरिजिनल घालायला मी कचरलो नसतो. माझ्या मते दुरुस्ती त्याच जुन्या फोनच्या बाजारभावाच्या निम्म्याहून फार वर जायला लागली, की कॉपीवर दिवस काढायचे किंवा फोन बदलायचा, हे दोनच रस्ते उरतात.

मावशी घाईत हो म्हणाली ती रेकॉर्डिंगांपायी. त्यासाठी फोन उघडायची गरजच नव्हती. ओटीजी नावाची छोटी जोडपिन शंभर-दीडशेला मिळते. तिने कॉम्प्युटरचा साधा माऊस फोनला जोडला की स्क्रीनवर बाण येतो आणि मेलेल्या पट्ट्यातले पिनचे आकडेही दाबता येतात. काही फोनमध्ये ओटीजी आधी सेटिंगमधून चालू करावं लागतं, म्हणून टच थोडाफार चालतोय तोवरच हे करून घ्यावं. सगळं मेमरी कार्डवर किंवा ड्राइव्हवर गेलं की मग दुकानदार काय म्हणेल ते शांतपणे ऐकता येतं. आणि फोन देताना सिम काढून द्यावं. मावशीचा पिन दुकानदाराने ‘चेकिंगसाठी’ कागदावर लिहून फोनच्या पाठीवर चिकटवला होता आणि सिम आतच होतं. ओटीपी त्या सिमवरच येतात.

बिल मागितलं तर दुकानाच्या कार्डामागे ‘कॉम्बो २८००’ एवढंच लिहून दिलं होतं. ‘ओरिजिनल’ हा शब्द नव्हता आणि तो मुद्दामच नव्हता. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, तक्रार नोंदवली आणि तक्रारीचा क्रमांक, माझी यूपीआयची नोंद आणि ‘फक्त काच गेलीय’ हा मेसेज असं तिन्ही दुकानदाराला पाठवलं. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, हेही लिहिलं. आधी तो म्हणाला, ‘तुम्हाला यातलं काही कळत नाही.’ मग मी अंधारातल्या त्या राखाडी स्क्रीनचा फोटो पाठवला. दोन दिवसांनी १३०० रुपये परत आले. जुना पॅनेल आला नाही.

दिवाळीत मावशीने नवा फोन घेतला. एक्स्चेंजला आलेल्या मुलाने जुना फोन हातात घेतला, बोटाचं लॉक लावून बघितलं आणि म्हणाला, ‘डिस्प्ले कॉपी आहे, ९०० देतो.’ स्क्रीन फुटलेल्या अवस्थेतच, ओरिजिनल पॅनेलसकट दिला असता तर किती, असं मी विचारलं. ‘दीड हजार तरी,’ तो म्हणाला.