सिल्व्हरचे पैसे, अल्कलाइनचा सेल

बाबांचं हातघड्याळ बंद पडलं म्हणून स्टेशनबाहेरच्या एका टपरीवर सेल बदलायला दिलं. "ओरिजनल सिल्व्हर टाकतो, दोन-तीन वर्षं बघायला नको," म्हणत त्याने दीडशे रुपये घेतले. पाकिटावरचा 377 हा आकडाही दाखवला. घड्याळाच्या मागच्या झाकणावर SR626SW कोरलेलं होतं आणि 377 हा त्याच सेलचा दुसरा क्रमांक, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून मी निर्धास्त!

चार महिन्यांत घड्याळ मागे पडायला लागलं, मग थांबलंच. मी ते तसंच कपाटात ठेवून दिलं, ही माझी चूक. दोन-तीन महिन्यांनी आमच्या गल्लीतल्या जुन्या घड्याळजींकडे नेलं. झाकण उघडलं तर सेलच्या कडेला पांढरट भुकटी. त्यांनी चिमट्याने सेल काढला आणि भिंग माझ्या हातात दिलं. अधिकच्या खुणेशेजारी लिहिलं होतं AG4.

"हा अल्कलाइन," काका म्हणाले. "626 हे नुसतं माप. साधारण 6.8 मिलिमीटर रुंद, 2.6 जाड. आत काय भरलंय ते पुढची अक्षरं सांगतात. SR असेल तर सिल्व्हर ऑक्साइड, LR असेल तर अल्कलाइन. AG4 म्हणजेच LR626." माप एकच असल्याने अल्कलाइनच्या पाकिटांवरही 377 सर्रास छापतात. मी नेमका तोच आकडा वाचून फसलो होतो.

सिल्व्हरचा सेल जवळजवळ शेवटपर्यंत 1.55 व्होल्ट धरून ठेवतो. अल्कलाइनचा दाब पहिल्यापासून हळूहळू उतरत जातो. मग काटे ढकलणाऱ्या इवल्याशा मोटरचं बळ कमी पडतं, मधली एखादी ढकल हुकते आणि घड्याळ मागे राहतं. मीटर लावूनही टपरीवर हे कळलं नसतं, कारण नवा असताना दोन्हींचा आकडा दीडच्या आसपासच येतो. त्यातून संपलेला अल्कलाइन आत राहिला की गळण्याची भीती जास्त. आमच्या घड्याळात त्या गळतीने कॉइलची बारीक तार खाल्ली होती. आतली मशीनच बदलावी लागली, साडेचारशे रुपये गेले.

खेळण्यात किंवा पोरांच्या स्वस्त घड्याळात AG4 चालतो, त्याचं कोणाला वावडं नाही. पण त्याची किंमत दहा-वीस रुपये. आता मी झाकण बसवण्याआधी सेलची सपाट बाजू बघायला मागतो. SR626SW किंवा 377 असेल तरच पुढे, आणि 377 च्या मागे A जोडलेला असेल तरी नको. SW हे काट्यांच्या साध्या घड्याळासाठी. शेवटी नुसता W असलेला 376 हा लाइट-अलार्मसारखं जास्त वीज ओढणाऱ्या घड्याळांचा.

जुना सेल घेऊन टपरीवर परत गेलो होतो. त्याने तो बोटात धरून फिरवला आणि म्हणाला, "साइज तर बरोबरच आहे ना, साहेब."