बारकोड विकत घ्यायचा, सूट मागायची की घरचाच नंबर चिकटवायचा? समई आणि बेदाण्याचा हिशोब

दिवाळीआधी वहिनीचा फोन आला, "अहो भाऊजी, ते बारकोड काढून देता का दोन-चार, तुमच्याकडे ते सॉफ्टवेअर आहे ना." सॉफ्टवेअर आहेच, आणि काळ्या रेघा काढायला तर फुकटच्या शंभर साइट्स आहेत. पण रेघा म्हणजे फक्त चित्र, खाली जो १३ आकडी नंबर असतो तोच खरा, आणि तो नंबर कोणाच्या नावावर आहे यावर सगळं अडतं. हे तिला सांगायला लागलो आणि त्यातनं जे निघालं ते इथे लिहितोय, कारण हाच प्रश्न नाशिकमध्ये चार जणांनी तरी मला विचारलाय.

त्यांच्या घरात धंदे दोन आहेत. दादा भांडी बाजारातनं पितळी समया, तांब्याचे तांबे, घंटा असा माल उचलतो आणि ऑनलाइन विकतो, त्यावर कुणाचंही नाव नसतं. वहिनी माहेरच्या पिंपळगावकडचे बेदाणे पाऊचमध्ये भरते, त्यावर स्वतःचं नाव छापते, आणि कॉलेज रोडच्या एका सुपरमार्केटने माल ठेवतो म्हणून सांगितलंय पण अट अशी की "पाकिटावर ईएएन पाहिजे", म्हणजे हाच १३ आकडी नंबर. एकाच घरात दोन उत्तरं निघाली, म्हणून उदाहरण चांगलं आहे.

आधी स्वतःला एकच विचारा, हा नंबर तुमच्या दुकानाबाहेर कोण वाचणार आहे?

कोणीच नाही, फक्त तुमचं बिलिंग मशीन, असं असेल तर एक रुपया खर्च करू नका. २० ते २९ ने सुरू होणारे नंबर जगभर दुकानाच्या आतल्या वापरासाठी मोकळे सोडलेत, सुपरमार्केटमध्ये वजन करून कांदे-बटाट्याच्या पिशवीवर स्टिकर मारतात त्यावर बघा, बऱ्याचदा २ नेच सुरुवात असते. पहिले १२ आकडे तुम्ही ठरवायचे, तेरावा गणिताने येतो: डावीकडून एक सोडून एक आकड्याला ३ ने गुणायचं (दुसरा, चौथा, सहावा असे), बाकीचे तसेच, सगळ्यांची बेरीज, आणि पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो शेवटचा आकडा.

```
200000100037
2+0+0+1+0+3 = 6
(0+0+0+0+0+7) x 3 = 21
6 + 21 = 27, 30 - 27 = 3
2000001000373
```

शेवटचा आकडा चुकला की स्कॅनर बीप करतच नाही, तेवढ्यावरून चूक कळते. हा नंबर दादाच्या गाळ्यात मस्त चालतो, पण शेजारच्या दुकानातही नेमका हाच नंबर साबणाला दिलेला असू शकतो, त्यामुळे बाहेर पाठवला की त्याला काही अर्थ उरत नाही. वहिनीने हा पाऊचवर छापला असता तर सुपरमार्केटच्या काउंटरवर बेदाण्याचं बिल साबणाच्या भावाने फाटलं असतं.

आता वहिनीचं. दुसऱ्याच्या शेल्फवर माल जाणार, त्यावर स्वतःचं नाव, म्हणजे नंबर जीएस१ इंडिया या बारकोडचे नंबर देणाऱ्या संस्थेकडूनच घ्यायचा, यात पळवाट नाही. इथून मिळालेला नंबर ८९० ने सुरू होतो (आणि ८९० म्हणजे माल भारतात बनला असं अजिबात नाही बरं का, नंबर भारतातल्या संस्थेने दिलाय एवढाच अर्थ, व्हॉट्सॲपवर फिरतं ते सोडून द्या). अर्ज ऑनलाइन होतो, पॅन, जीएसटी आणि उलाढालीचा पुरावा लागतो, आणि फी तीन गोष्टींवर ठरते, तुमची उलाढाल किती, नंबर किती हवेत आणि किती वर्षांसाठी. मुदत संपली की रिन्यू करावं लागतं, हे लोक विसरतात आणि मग दोन वर्षांनी बिल आलं की ओरडतात.

म्हणून फी बघण्याआधी नंबर मोजा. वहिनी म्हणाली, "बेदाणे एकच ना, एक नंबर पुरे." नाही पुरत. हिरवे आणि काळे असे दोन प्रकार, प्रत्येकात पाव किलो, अर्धा किलो, एक किलो, म्हणजे सहा झाले, आणि हिरवे-काळे जोडीचं एक गिफ्ट पाकीट तिला करायचंय त्याला सातवा, कारण गिऱ्हाईक जी वस्तू वेगळी म्हणून उचलतं आणि जिचा भाव वेगळा आहे तिला वेगळा नंबर. उद्या पाव किलोचं पाकीट २०० ग्रॅमचं केलं तर तेही नवीनच, पण नुसता पाऊचचा रंग बदलला तर जुना चालतो. बंद केलेल्या मालाचा नंबर दुसऱ्या मालाला द्यायचा नाही, तो नंबर कायमचा त्या मालाचा. २४ पाकिटांच्या खोक्याला मात्र नवीन नंबर विकत घ्यावा लागत नाही, पाकिटाच्याच नंबरच्या सुरुवातीला १ लावून, शेवटचा आकडा नव्याने मोजून १४ आकडी नंबर होतो. नंबर मिळाल्यावर जीएस१ इंडियाच्याच डाटाकार्ट या साइटवर मालाची माहिती, फोटो, वजन हे भरायचं असतं, बरेच जण नंबर हातात आला की तिथेच थांबतात आणि मग समोरचा शोधतो तर काही दिसत नाही.

छापण्याचंही एक सांगतो कारण वहिनीचे पहिले पाऊच त्यातच गेले. डिझायनर पोराने पाकिटाच्या रंगाला शोभेल म्हणून लाल रेघा पांढऱ्यावर टाकल्या, दिसायला छान, आणि स्कॅनरला कोरं पान, कारण स्कॅनरचा उजेड लाल असतो आणि त्याला लाल म्हणजे पांढरंच. काळ्या रेघा, पांढरी जमीन, रुंदी किमान ३ सेंटीमीटरच्या आसपास आणि दोन्ही बाजूंना मोकळी जागा, ती जागा खाल्ली की बारकोड मेला. शिवणीवर किंवा पाऊच फुगतो तिथे टाकू नका. पाच पाकिटांचा नमुना छापून एखाद्या किराणा दुकानात मशीनवर मारून बघितला असता तर हजार पाऊच वाचले असते.

आता जो स्वस्तातला रस्ता सगळ्यांना दिसतो तो, म्हणजे ऑनलाइन काही शे रुपयांत दहा बारकोड, "लाइफटाइम, नो रिन्यूअल". दादाने घेतले होते, मला न विचारता. हे नंबर कुठून येतात तर अमेरिकेत २००२ च्या आधी काही कंपन्यांनी नंबरांचे गट घेतले होते ज्यांना दरवर्षीच्या फीची अट नव्हती, ते तोडून तोडून विकले जातात. खोटे नाहीत, डुप्लिकेटही नसतील, पण मालक दुसराच. जीएस१ च्या साइटवर `Verified by GS1` नावाचा फुकट शोध आहे, त्यात दादाचा नंबर टाकला तर नाव आलं परदेशातल्या एका भलत्याच कंपनीचं. ॲमेझॉन हाच डेटा तपासून बघतं, आणि नाव जुळलं नाही की लिस्टिंग अडकतं, स्क्रीनवर `8572` असा एरर येतो. दादाचं तेच झालं, विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. माझं मत स्पष्ट आहे, बिननावाच्या मालाला हे घेणं म्हणजे गरज नसताना घेणं, आणि नावाच्या मालाला घेणं म्हणजे दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर घर बांधणं.

कारण बिननावाच्या मालाला नंबर लागतच नाही. ॲमेझॉनवर जीटीआयएन एक्झेम्प्शन, म्हणजे नंबरातून सूट, मागता येते, फुकट. सेलर अकाउंटमधून अर्ज करायचा, कॅटेगरी निवडायची, ब्रँडच्या जागी `Generic` टाइप करायचं (अगदी असंच, `No brand` वगैरे नाही), मालाचं नाव आणि किमान दोन फोटो द्यायचे ज्यात वस्तू आणि पॅकिंग सगळ्या बाजूंनी दिसेल. उत्तर साधारण ४८ तासांत येतं. मंजुरीनंतर लगेच लिस्टिंग टाकायला धावू नका, अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर परत नंबर मागतं.

दादाचा पहिला अर्ज नामंजूर झाला, चूक त्याचीच. समई ज्या खोक्यात ठेवून फोटो काढला ते खोकं दुसऱ्याच कुठल्या कारखान्याचं, त्यावर मोठ्ठं नाव छापलेलं, आणि अर्जात म्हणतोय ब्रँड नाही. `Generic` म्हणायचं तर फोटोत वस्तूवर, खोक्यावर, कुठेही ब्रँडचं नाव दिसता कामा नये. साध्या खाकी खोक्यात सहा फोटो काढले, चारी बाजू, तळ आणि खोकं, दुसऱ्या दिवशी मंजूर. सूट ब्रँड आणि कॅटेगरी या जोडीला मिळते, म्हणून तिन्ही मापांच्या समया एका मंजुरीत बसल्या, पण घंटा दुसऱ्या कॅटेगरीत गेली तेव्हा परत अर्ज करावा लागला. प्रत्येक मापाला स्वतःचा एसकेयू द्या, म्हणजे घरचा कोड, दादाने `SAMAI-PTL-09` असं धातू आणि इंच टाकून केलंय, रात्री पॅक करताना वाचूनच कळतं.

बारकोड नसला तरी पाकीटबंद मालावर एमआरपी, वजन किंवा नग, पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, तक्रारीचा फोन हे कायद्याने लागतंच, बारकोडची सूट म्हणजे त्याची सूट नाही. फक्त तो पत्ता बारीक अक्षरात लेबलवर ठेवा, ब्रँडसारखा मोठा छापला की वरची भानगड परत.

`Generic` चा तोटा खरा आहे, तो लपवत नाही. त्या मालावर तुमचं नाव नसतं, उद्या तशीच समई कोणीही पाच रुपये कमी लावून विकू शकतो. आणि नंतर नाव लावायचं ठरवलं तर जुन्या पानावर ब्रँड बदलून मिळेल असं धरून चालू नका, बहुतेक वेळा नवीन पान काढावं लागतं आणि आधीचे रिव्ह्यू मागे राहतात. म्हणून वर्षभरात नाव लावायचा विचार पक्का असेल तर पहिल्यापासून लावा. नावाच्या मालालाही नंबरातून सूट मागता येते, पण नाव मालावर किंवा खोक्यावर कायमचं असल्याचा फोटो लागतो, वरून चिकटवलेला स्टिकर चालत नाही, `5665` एरर येऊन तिथेच अडकतं. समईच्या तळाला लेझरने नाव कोरून घ्यायचं तर अंबड एमआयडीसीत करून मिळतं.

स्वतःची वेबसाइट काढून गुगलवर माल दाखवायचा असेल तर तिथेही बिननावाच्या मालाला खोटा नंबर भरू नका, गुगलला मालाची जी यादी पाठवता त्या फीडमध्ये `identifier_exists` ला `no` लिहायचं, बस.

आणि ॲमेझॉनच्या भिवंडीच्या गोदामात माल पाठवणार असाल तर सूट मिळालेल्या प्रत्येक नगावर ॲमेझॉनचा स्वतःचा X00 ने सुरू होणारा स्टिकर लागतोच, तो अकाउंटमधून प्रिंट करायचा. वहिनीचा माल सुपरमार्केटला जातो, म्हणून तिला हे करावं लागत नाही. दादा मात्र सध्या रोज रात्री जेवल्यावर स्टिकर मारत बसतो, आणि वहिनी तिच्या सात नंबरांत आठवा वाढवायचा म्हणून मला पुन्हा फोन करतेय.