होर्डिंग आधी की फोन आधी? एआय चित्राच्या रिझोल्यूशनची आखणी करताना

एआयने तयार केलेले एकच चित्र चौकातल्या ४० बाय २० फुटी होर्डिंगवर लावायचे आणि तेच व्हॉट्सॲप स्टेटसवरही टाकायचे, अशी मागणी आता नेहमीची झाली आहे. त्यासाठी कामाचे दोन क्रम संभवतात. पहिल्या क्रमात आडवे चित्र होर्डिंगच्या मापाने आधी तयार करून, मोठे करून, त्यातूनच फोनसाठी उभा तुकडा कापला जातो. दुसऱ्यात उभे चित्र फोनसाठी आधी पक्के करून मग त्याची पार्श्वभूमी दोन्ही बाजूंना वाढवत होर्डिंग गाठले जाते. मी दोन्ही क्रमांनी कामे केली आहेत आणि माझा कल हळूहळू दुसऱ्याकडे झुकला आहे. तो का झुकला, हे लक्ष्मी रस्त्यावरील एका पैठणीच्या दुकानाच्या दिवाळी जाहिरातीवरून नीट सांगता येईल.

होर्डिंग प्रचंड असते म्हणून त्याला प्रचंड पिक्सेल लागतात, ही समजूत आधी तपासून पाहावी. चांगल्या दृष्टीच्या डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागापेक्षा लहान तपशील सहसा वेगळा ओळखता येत नाही. ३० मीटरवरून पाहताना हा तपशील सुमारे ८.७ मिलिमीटरचा होतो. एसडीएक्सएलसारखे चित्रे बनवणारे मॉडेल सुमारे एका मेगापिक्सेलच्या आसपास नीट चालते, त्यामुळे २:१ प्रमाणाचे आडवे चित्र १४०८ बाय ७०४ पिक्सेलचे मिळते. ते ४० फुटांवर ताणले तर एकेक पिक्सेल ८.६६ मिलिमीटरचा होतो. म्हणजेच ३० मीटरवरच्या माणसाला मूळ चित्रातला तपशील जवळजवळ पूर्ण दिसतो आणि त्याहून अधिक काही दिसू शकत नाही. चौपट अपस्केलिंग केले, म्हणजे सॉफ्टवेअरने नवे पिक्सेल भरून चित्र मोठे केले, की पिक्सेल सव्वादोन मिलिमीटरच्या आत येतो आणि सिग्नलला आठ-दहा मीटरवर थांबलेल्या दुचाकीस्वारालाही कडा तुटक दिसत नाहीत.

प्रिंटर ३०० डीपीआयची, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेलची फाइल मागतो, तेव्हाही घाबरण्याचे कारण नसते. बहुतेक वेळा त्याला एक फुटास एक इंच या प्रमाणातली फाइल अपेक्षित असते, म्हणजे ४० बाय २० इंच, अर्थात १२००० बाय ६००० पिक्सेल. प्रत्यक्ष फ्लेक्सवर हे इंचाला २५ पिक्सेल इतकेच पडते. तरीही हा आकडा तोंडी गृहीत न धरता फाइल कोणत्या प्रमाणात हवी ते आधी विचारून घ्यावे, कारण पूर्ण मापात ३०० डीपीआय असा अर्थ घेतला तर फाइल उघडणेही कठीण होते.

फोनचे गणित याच्या अगदी उलट आहे. १०८० पिक्सेल रुंदीचा पडदा सुमारे सात सेंटीमीटर रुंद असतो आणि हातभर अंतरापेक्षाही जवळून पाहिला जातो. शिवाय पाहणारा दोन बोटांनी चित्र मोठे करतो, विशेषतः साडी किंवा दागिना असेल तर हमखास करतो. आता पहिल्या क्रमाने आडव्या चित्रातून ९:१६ प्रमाणाचा उभा तुकडा कापला, तर त्याची मूळ उंची ७०४ आणि रुंदी अवघी ३९६ पिक्सेल भरते. स्टेटसला १०८० बाय १९२० लागतात. थोडक्यात, होर्डिंगला जे अपस्केलिंग थोडेफार सोयीचे आहे, ते फोनसाठी अपरिहार्य होऊन बसते आणि त्यातले दोषही फोनवरच उघडे पडतात.

माझा निर्णय ज्या एका त्रासामुळे झाला, तो इथेच उद्भवतो. या जाहिरातीतल्या बाईने मुनिया काठाची पैठणी नेसलेली होती, आणि मुनिया म्हणजे काठावर ओळीने बसलेले पोपट. १४०८ पिक्सेलच्या चित्रात एकेक पोपट जेमतेम १२ पिक्सेलचा होता, म्हणजे चोच आणि शेपूट यांचा नुसता आभास. रिअल-ईएसआरगॅनसारख्या, आहे तेच मोठे करणाऱ्या अपस्केलरने त्याचा गुळगुळीत हिरवा ठिपका केला आणि चेहऱ्याची त्वचाही मेणासारखी झाली. म्हणून चित्राचे चौकोनी तुकडे, म्हणजे टाइल, पाडून ते नव्याने रेखाटणारा अपस्केलर वापरला, तर त्वचा सुरेख झाली, पण पोपट बदलले. या पद्धतीत प्रत्येक टाइल शेजारची टाइल न पाहता स्वतंत्रपणे रंगवली जाते. मॉडेलने मूळ चित्र किती बदलावे हे ठरवणारी डिनॉइझ स्ट्रेंग्थ साधारण ०.३च्या पुढे नेली की मॉडेल अस्पष्ट ठिपक्याचा आपल्या मनाने अर्थ लावू लागते. एका टाइलमध्ये पोपट, पुढच्यात पान, त्यापुढे चक्क कोयरी, असा काठ तयार झाला. स्ट्रेंग्थ कमी केली की पुन्हा मेण. होर्डिंगवर यातले काहीही कुणाला दिसले नसते, मात्र पैठणी विकणाऱ्याला ते फोनवर पहिल्या नजरेत दिसले, आणि तसे दिसणे योग्यच होते.

दुसऱ्या क्रमात ७६८ बाय १३४४ पिक्सेलचे उभे चित्र आधी घेतले. बाई चौकटभर, गुडघ्यापर्यंत. त्यामुळे पोपटाला तीसेक पिक्सेल मिळाले. तरीही जो माल विकायचा आहे तो मॉडेलच्या कल्पनेवर सोडू नये असे मला वाटते, म्हणून काठाच्या जागी दुकानातल्या खऱ्या साडीच्या काठाचा फोटो बसवून फक्त चुण्यांच्या सावल्या हलक्या इनपेंटिंगने, म्हणजे तेवढाच भाग मॉडेलकडून पुन्हा रंगवून, जुळवल्या. हे चित्र दुप्पट करून, कडा किंचित छाटून १०८० बाय १९२०ला उतरवले की फोनचे काम संपते.

मग याच मूळ उभ्या चित्राला बाजूंनी वाढवायचे. १३४४ उंचीला २:१ प्रमाणाने २६८८ रुंदी लागते, म्हणजे १९२० पिक्सेल नवे. ते एकदम न करता दर खेपेस २५६ पिक्सेल जुन्या भागावर ठेवून सुमारे ५१२ पिक्सेल वाढवत जावे. या क्रमाचा खरा कमकुवतपणा सांधे हाच आहे. मोठ्या चित्रात सांधा दिसत नाही. चित्र अंगठ्याएवढे लहान करून आरशातल्यासारखे उलटवून पाहिले की रंगाचा उभा पट्टा चटकन डोळ्यांत भरतो आणि सावली उलट्या दिशेला पडली असेल तर तीही कळते. वाड्याची भिंत, दार, पडदा अशी शांत पार्श्वभूमी असेल तर हे सहज निभावते. शेवटी आहे तेच मोठे करणाऱ्या अपस्केलरने चौपट केले की १०७५२ बाय ५३७६ पिक्सेल होतात, आणि तेथून १२००० पर्यंतचा ताण नगण्य असतो. मेणचटपणा घालवायला शेवटच्या मापावर थोडा ग्रेन, म्हणजे बारीक दाणेदारपणा, द्यावा, त्याने आकाशासारख्या सलग रंगातले पट्टेही मोडतात. अक्षरे आणि लोगो मात्र चित्रात कधीच नसावेत. ते कोरलड्रॉमध्ये व्हेक्टर म्हणून वरून यावेत.

पहिला क्रम सर्वस्वी टाकाऊ आहे, असे माझे म्हणणे नाही. पालखीची गर्दी किंवा सिंहगडाच्या पायथ्याचे विस्तीर्ण दृश्य असेल, तर रचना मुळातच आडवी असते आणि बाजूंनी वाढवत नेलेली गर्दी सांध्यापाशी तुटते. तेथे होर्डिंग आधी करावे आणि फोनसाठी त्यातून तुकडा न कापता वेगळे उभे चित्र बनवावे. पण चित्रात एक माणूस आणि त्याच्या अंगावर विकायची वस्तू असेल, तर फोनपासून सुरुवात करणे मला तरी अधिक सुरक्षित वाटते.