नक्षी १८१६ची, प्लेट कालपरवाची: स्पोडच्या 'इटालियन' प्लेटांच्या नावाखाली झालेली फसवणूक

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींमध्ये जुन्या निळ्या-पांढऱ्या प्लेटा जमवायची आवड वाढते आहे. सुट्टीत भारतातून आलेले पाहुणेही रविवारच्या अँटिक बाजारातून एखादी प्लेट घेऊन जातात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. मला मिडलंड्समधल्या अशाच एका बाजारात दोन प्लेटा 'स्पोड, १८१६' म्हणून १४० पौंडांना विकल्या गेल्या. दोन्ही त्यानंतर किमान दीडशे वर्षांनी बनलेल्या आहेत. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं आणि ते लपवायला त्याने मेहनत घेतली होती. ती मेहनत नेमकी कुठे घेतली होती, ते ओळखता आलं तर पुढच्या माणसाचे पैसे वाचतील.

आधी नक्षीबद्दल. नदीकाठचे रोमन भग्नावशेष, पलीकडे वाड्यासारखी इमारत, काठावर माणसं आणि गुरं, आणि भोवती जपानी इमारी धाटणीच्या फुलांची दाट किनार. स्टोकच्या स्पोड कारखान्याने ही 'इटालियन' नक्षी १८१६ मध्ये आणली आणि ती आजतागायत बनते आहे. सगळी गोम इथेच आहे. नक्षीवरून एवढंच कळतं की प्लेट १८१६च्या आधीची नाही. नंतरची किती, त्याबद्दल नक्षी काहीच सांगत नाही. विलो या सुप्रसिद्ध नक्षीचंही तसंच. ती १७९०च्या सुमाराची, पण असंख्य कारखान्यांनी ती दोन शतकं छापली. टेबलामागचा माणूस नक्षीची जन्मतारीख सांगतो, आणि ऐकणाऱ्याला ती प्लेटची वाटते.

त्याचं बोलणं मला अजून आठवतं. "हे पाहा, कारखान्यानेच साल लिहिलंय," असं म्हणत त्याने पहिली प्लेट उलटी केली. मागे निळ्या अक्षरांत कारखान्याचं नाव, नक्षीचं नाव आणि 'सुमारे १८१६' असा शिक्का होता. शिक्क्याच्या खालच्या भागावर पिवळट पडलेलं एक लेबल चिकटवलेलं होतं, त्यावर तिरक्या शाईच्या अक्षरात एक आकडा. "जुन्या संग्राहकाचं लेबल आहे, काढू नका, त्यानेच किंमत वाढते," हा सल्लाही त्याने दिला. घरी कोमट पाण्याने ते लेबल सोडवलं. खाली लिहिलं होतं, 'मेड इन इंग्लंड'.

या तीन शब्दांचा इतिहास माहीत असला की बरंच काम होतं. अमेरिकेने १८९० साली कायदा केला आणि १८९१पासून तिथे येणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव लिहिणं सक्तीचं झालं. इंग्लिश कारखान्यांचा मोठा गिऱ्हाईक अमेरिका, त्यामुळे शिक्क्यात 'इंग्लंड' हा शब्द सर्रास येऊ लागला. क्वचित कुणी तो आधीही वापरला आहे, पण 'मेड इन इंग्लंड' असं पूर्ण लिहिलेलं असेल तर प्लेट जवळजवळ नेहमीच विसाव्या शतकातली असते. म्हणूनच लेबल नेमकं त्या शब्दांवर बसवलेलं होतं.

खरं तर लेबल न काढताही शिक्का बोलत होता. १८१६ साली प्लेट बनवणारा माणूस तिच्यावर 'सुमारे १८१६' असं लिहील का? 'सुमारे' हा शब्द मागे वळून पाहणाऱ्याचा आहे. नक्षी केव्हाची हे अलीकडच्या गिऱ्हाइकाला कळावं म्हणून तो लिहिलेला असतो. त्या काळातल्या स्पोडच्या प्लेटेवर बहुधा नुसतं 'स्पोड' असतं, कधी ओल्या मातीत दाबलेलं, कधी निळ्यात छापलेलं, लहान आणि साधं. शिवाय कारखान्याचं नावही मधल्या काळात बदललं होतं. १८३३मध्ये तो कोपलंड आणि गॅरेट या भागीदारांकडे गेला, १८४७पासून एकट्या कोपलंडकडे राहिला, आणि १९७०मध्ये 'स्पोड' हे नाव परत आलं. मधल्या काळच्या शिक्क्यांत बहुतेकदा कोपलंडचं नाव असतं, स्पोडच्या जोडीने किंवा एकटं. म्हणजे कोपलंडशिवाय एकट्या 'स्पोड'चा शिक्का दिसला तर प्लेट बहुधा एकतर १८३३च्या आधीची, नाहीतर १९७०च्या नंतरची. या दोन काळांत गल्लत होणं कठीण असतं, फक्त शिक्का पूर्ण दिसला पाहिजे.

दुसऱ्या प्लेटेला शिक्काच नव्हता. "जुन्या प्लेटांवर पुष्कळदा शिक्का नसतो," असं तो म्हणाला, आणि हे विधान खरं आहे. म्हणून तर ते धोकादायक. पण ही प्लेट खिडकीशी नेऊन तिरपी धरली तेव्हा मागच्या बाजूला मधोमध एक गोलसर पट्टा वेगळा चमकत होता. बाकीच्या पृष्ठभागावर प्रकाश थंड आणि स्वच्छ परावर्तित होत होता, तिथे मात्र किंचित लाटालाटांनी, प्लास्टिकसारखा. नखाने दाबलं तर पृष्ठभाग मऊ लागला. कापसाच्या काडीवर नेलपॉलिश काढायचं द्रव्य घेऊन फिरवलं, तर चमक कापसावर आली आणि खाली खरबरीत, बिनझिलईची माती उघडी पडली. त्यावर पाण्याचा थेंब ठेवला. तो काही क्षणांत आत शोषला गेला. शेजारच्या झिलईवर ठेवलेला थेंब होता तसाच उभा राहिला. ही भांडी पोर्सिलेनची नसतात, त्यांची भाजलेली माती सच्छिद्र असते, आणि पाणी अडवते ती फक्त वरची झिलई. शिक्का झिलईच्या खाली छापलेला असल्यामुळे तो पुसता येत नाही, घासूनच काढावा लागतो, आणि घासताना झिलई जाते. ती उणीव पारदर्शक लाखेने भरून काढलेली होती. कुणी फक्त जुना, निरुपद्रवी शिक्का काढायला एवढे कष्ट घेत नाही.

आता छपाई. मला सर्वांत जास्त शिकायला मिळालं ते इथे. जुन्या पद्धतीत नक्षी तांब्याच्या पत्र्यावर हाताने कोरलेली असते. पत्रा गरम करून तेलात खललेला कोबाल्टचा रंग कोरणीत भरायचा, वरचा जास्तीचा पुसायचा, पातळ टिश्यू कागदावर त्याचा छाप घ्यायचा. मग कारागीर, त्या बहुतेक बायका असत, तो कागद कापून एकदा भाजलेल्या पण झिलई न दिलेल्या प्लेटेवर बसवत आणि ताठ ब्रशने घासत. कागद पाण्याने धुऊन काढला की रंग मातीवर राहायचा. तेल जाळून टाकायला प्लेट पुन्हा हलकी भाजायची, नंतर झिलई आणि शेवटची भट्टी.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की मधलं चित्र आणि किनार वेगवेगळ्या कागदांवर असायची. किनारीच्या पट्ट्या तुकड्यांनी जोडाव्या लागत. त्यामुळे किनारीवरून डोळा सावकाश फिरवला की कुठेतरी सांधा सापडतो. एखादं फूल अर्धं कापलेलं, दोन पानं एकमेकांवर चढलेली, किंवा केसाएवढी पांढरी फट. कधी कागदाला पडलेली घडीही पांढऱ्या रेषेसारखी उमटते. स्पोडच्या बायका फार सफाईदार काम करत, त्यामुळे सांधा शोधायला वेळ लागतो, पण शोधला तर मिळतो.

माझ्या दोन प्लेटांत सांधा सापडेना. मग दोन्ही शेजारी ठेवून भग्नावशेषांची टोकं एका दिशेला आणली. भग्नावशेषांच्या डोक्यावर येणारं किनारीतलं मोठं फूल दोन्हींवर तंतोतंत एकाच जागी होतं. पुढची सगळी फुलंही तशीच. हाताने किनार चिकटवली असती तर एका प्लेटेवर ती जराशी डावीकडे सरकली असती, दुसऱ्या प्लेटेवर उजवीकडे. दोन्ही तंतोतंत जुळतात याचा अर्थ चित्र आणि किनार एकाच छापात आले. विसाव्या शतकाच्या मध्यापासून जिलेटिनच्या फुगीर गोळ्याने थेट प्लेटेवर छापणारी यंत्रं आली, नंतर अखंड चिकटचित्रंही. जोडीने विकल्या जाणाऱ्या प्लेटांवर ही परीक्षा टेबलापाशीच, कोणतंही उपकरण न घेता करता येते.

दहापट भिंग असेल तर सावलीचा भागही पाहावा. कोरलेल्या तांब्यात गडद जागी रेषा खोल असते, म्हणून तिथे रंग जाड बसतो. निळ्याच्याच फिक्या-गडद छटा दिसतात, आणि टोचून काढलेले ठिपके आकाराने लहानमोठे असतात. सगळे ठिपके सारख्या गडदपणाचे आणि सरळ ओळींत दिसले तर ती फोटोवरून केलेली छपाई. इथे एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. टिश्यू कागदाची हातछपाई विसाव्या शतकातही बराच काळ चालू होती. त्यामुळे सांधा सापडला म्हणून प्लेट १८१६ची ठरत नाही. त्या काळच्या झिलईत थोडा कोबाल्ट असायचा, आणि ती जिथे साचते, म्हणजे मागच्या कडेच्या खोबणीत, तिथे निळसर झाक दिसते. माझ्या प्लेटांच्या खोबणीत स्वच्छ पांढरं होतं. शंका असेल त्यांनी स्टोकला जावं. स्पोडच्या जुन्या कारखान्याच्या आवारात स्पोड म्युझियम ट्रस्टचं केंद्र आहे, तिथे अस्सल जुने नमुने डोळ्यांनी पाहता येतात.

पैसे परत मागायला गेले तेव्हा त्याने पावती दाखवली. त्यावर त्याच्याच अक्षरात होतं, 'दोन प्लेटा, इटालियन नक्षी, १८१६'. "यात खोटं काय आहे? नक्षी १८१६चीच आहे," तो शांतपणे म्हणाला. तोंडाने मात्र त्याने प्लेटेबद्दल सांगितलं होतं. इथल्या २०१५च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे व्यापाऱ्याने विकलेली वस्तू वर्णनाप्रमाणे असलीच पाहिजे, नसेल तर ३० दिवसांत ती परत करून पूर्ण पैसे मागता येतात. पण वर्णन काय होतं हे दाखवावं लागतं. म्हणून पावतीवर 'ही प्लेट अमुक साली किंवा त्या सुमारास बनलेली आहे' असं वाक्य लिहून घ्या, नक्षीचं साल वेगळं लिहायला लावा. तो लिहायला कचरला तर तिथूनच निघा. कोणतंही लेबल शिक्क्यावर असेल तर ते विकत घेण्याआधी काढून दाखवायला सांगा. मुंबईत चोर बाजारात अशी प्लेट समोर आली तरी हेच करा.

घासलेल्या प्लेटेचे पैसे त्याने दिले. लाख काढलेली माती आणि त्यावर शोषला जाणारा थेंब मी त्याच्या टेबलावरच दाखवला, आणि बाजूला उभी गिऱ्हाइकं पाहत होती. लेबलाच्या प्लेटेचे पैसे दिले नाहीत. ती तक्रार मी सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसच्या ग्राहक हेल्पलाइनकडे, दोन्ही प्लेटांच्या फोटोंसह, नोंदवली आहे. निघताना त्याच्या टेबलावर तशाच पिवळट लेबलांच्या आणखी निळ्या प्लेटा मांडलेल्या दिसल्या, प्रत्येकीवर लेबल शिक्क्याच्या खालच्या अर्ध्यावर.