बारीक पिनचा चार्जर: सात महिन्यांच्या वापरानंतर

बाबांच्या नोकिया 105 चा, म्हणजे 2013 च्या साध्या बटणांच्या फोनचा, मूळ चार्जर गेल्या पावसाळ्यात वीज कडाडून गेल्यावर बंद पडला. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून 150 रुपयांना एक नवा बारीक पिनचा चार्जर आणला. पहिल्या महिन्याअखेरीस मी त्याबद्दल चांगलेच मत नोंदवले असते. आज सात महिन्यांनी ते मत मी पूर्ण बदलले आहे आणि त्याचे कारण चार्जरच्या डब्यात नसून पिनेच्या टोकाशी असलेल्या अर्ध्या मिलिमीटरच्या भोकात आहे.

तक्रार सुरू झाली ती अशी. रात्री लावलेला फोन सकाळी अर्धाच चार्ज झालेला असे. बाबा पिन जरा फिरवत, खाली दाबत, तेव्हा पडद्यावरची बॅटरीची खूण हलू लागे आणि हात काढला की थांबे. मला वाटले फोनचे सॉकेट झिजले असणार, म्हणून दुरुस्तीवाल्याकडे नेले. त्याने सॉकेट बदलायचे 200 रुपये सांगितले आणि मी जवळजवळ होकारही दिला होता. तेवढ्यात दुकानात दुसऱ्या गिऱ्हाईकाचा चार्जर पडलेला दिसला, तो लावून पाहिला, तर खूण एकदाही थांबली नाही. म्हणजे फोन निर्दोष होता.

घरी येऊन बंद पडलेला मूळ चार्जर आणि नवा चार्जर शेजारी ठेवले. डोळ्यांना दोन्ही पिना सारख्याच दिसत होत्या. मग शिवणाच्या डब्यातली सर्वांत बारीक सुई घेतली, पिनेच्या मधल्या भोकात घातली आणि पिन उलटी धरली. मूळ चार्जरमध्ये सुई अडकून राहिली, हलक्या हाताने ओढल्यावरच निघाली. नव्या चार्जरमधून ती सरळ जमिनीवर पडली. फोनच्या सॉकेटमध्ये मधोमध एक केसासारखी काडी असते आणि ती पिनेतल्या भोकातल्या स्प्रिंगदार पत्रीने पकडायची असते. ही पत्री नरम असेल किंवा भोक किंचित मोठे असेल, तर बाहेरचे माप तंतोतंत जुळूनही वीज लागत-सुटत राहते. हे मला दुकानातच तपासता आले असते, कारण सुई नेण्याला काहीच खर्च नाही.

आता माप. नोकियाच्या जुन्या फोनांमध्ये दोन प्रकारच्या पिना होत्या. 2003 च्या 1100 पर्यंत आणि त्यानंतरही काही काळ चालली ती जाड पिन, जिचा बाहेरचा व्यास 3.5 मिलिमीटर असतो, आणि त्यानंतरच्या फोनांची बारीक पिन, जिचा व्यास 2.0 मिलिमीटर असतो. जाडी नजरेने ओळखता येते, पण 2.0 आणि 2.5 मिलिमीटर यांतला फरक नजरेला फसवतो. व्हर्नियर नसेल तर शिवणाचा दोरा घ्या आणि पिनेच्या धातूच्या नळीवर एकमेकांना चिकटून, वेढ्यावर वेढा न चढवता दहा वेढे द्या. सुरुवात आणि शेवट या दोन्ही जागी दोऱ्यावर खूण करून तो सरळ ताणा आणि पट्टीवर मोजा. साधारण 0.2 मिलिमीटर जाडीच्या दोऱ्याने 2.0 च्या पिनेला सुमारे 69 मिलिमीटर दोरा लागतो, 2.5 च्या पिनेला सुमारे 85, तर 3.5 च्या पिनेला सुमारे 116. माझ्या मूळ पिनेने 70 दाखवले. घरातल्या दाढीच्या ट्रिमरच्या चार्जरने 86 दाखवले, म्हणून तो 2.5 चा. तो बाबांच्या फोनमध्ये शिरत नव्हता हे चांगलेच, कारण बळ लावल्यास सॉकेटमधली मधली काडीच वाकते.

पोलॅरिटीच्या, म्हणजे धन-ऋण टोकांच्या बाबतीत मात्र आत जाणारी पिनच धोकादायक ठरते. माझ्याकडच्या टॉर्चच्या चार्जरची पिनही 2.0 चीच होती आणि ती फोनमध्ये सहज बसली असती. चार्जरच्या लेबलवर बहुधा एक खूण छापलेली असते. मधे ठिपका, त्याभोवती उघडी चंद्रकोर, आणि दोन्हींना जोडलेल्या रेषांच्या टोकांशी + आणि − ही चिन्हे. ठिपक्याची रेषा + कडे गेली असेल तर आतले भोक धन आणि बाहेरची नळी ऋण. नोकियाच्या बारीक आणि जाड, दोन्ही पिनांचे हेच गणित आहे. टॉर्चच्या चार्जरवर ही खूणच नव्हती, म्हणून मल्टिमीटर घेतला.

मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा. तांबडा प्रोब भोकात जात नाही, म्हणून आधी भोकात तीच बारीक सुई खोवा आणि तांबडा प्रोब सुईला लावा, काळा प्रोब बाहेरच्या नळीला. सुई नळीच्या कडेला टेकू देऊ नका, नाहीतर चार्जरच शॉर्ट होईल. ही काळजी घेऊन मगच चार्जर भिंतीत लावा. नव्या चार्जरचे वाचन 5.2 आले, पुढे वजा चिन्ह नाही, म्हणजे आत धन. टॉर्चच्या चार्जरचे वाचन −6.1 आले. त्या वजा चिन्हाचा अर्थ एवढाच की आत ऋण आहे, बाहेर धन, आणि फोनमध्ये ती पिन घातली असती तर प्रवाह उलट्या दिशेने गेला असता.

एक मर्यादा सांगतो. मीटरचे हे वाचन फोन न जोडता घेतलेले असते. आत ट्रान्सफॉर्मर असलेले फार जुने, वजनदार चार्जर या स्थितीत लेबलपेक्षा बरेच जास्त व्होल्ट दाखवतात, तो बिघाड नव्हे. हलक्या, स्विचिंग प्रकारच्या चार्जरने मात्र 5 च्या आसपासच दाखवले पाहिजे. मूळ लेबलवर 5.0 व्होल्ट, 350 मिलिअँपिअर लिहिले होते. व्होल्ट जुळायला हवेत. अँपिअर जास्त असले तरी चालतात, कारण फोन हवे तेवढेच घेतो. कमी असतील तर चार्जर गरम होतो.

शेवटी चार्जर फेकला नाही. बंद पडलेल्या मूळ चार्जरची पिन घट्ट होती, तिची 20 सेंटिमीटर वायर कापून घेतली आणि नव्या चार्जरच्या वायरला जोडली. येथे रंगांवर विसंबायचे नाही. नव्या वायरीत तांबडी धन होती, पण जुनीत दोन्ही तारा काळ्याच होत्या, एकीवर पांढरी रेघ. कुठली तार भोकाशी जाते ते मीटरच्या बीप सेटिंगवर सुई लावून पाहिले. रेघेची तार भोकाची निघाली, म्हणून ती तांबड्याशी जोडली, दोन्ही जोडांवर वेगवेगळी स्लीव्ह चढवली आणि फोनला लावण्याआधी सगळे पुन्हा मोजले. 5.2, वजा नाही.

तीन आठवडे झाले. बाबा आता पिन फिरवत नाहीत, आणि सकाळी फोन पूर्ण चार्ज झालेला असतो. चार्जरला पाचपैकी दोन गुण देतो, ते दोन्ही त्याच्या डब्यासाठी.