एस३५५ स्टील, जेआर ग्रेड की जे२? थंडीत कुठलं वापरायचं
दोन्हीची यील्ड ३५५ एमपीए, कागदावर जुळी भावंडंच, मुख्य फरक चार्पी टेस्टच्या तापमानात, म्हणजे खाच पाडलेला तुकडा हातोड्याने तोडून तो किती एनर्जी खातो ते कुठल्या तापमानाला बघतात त्यात. जेआरला २७ जूल +२० डिग्रीला मिळायला हवेत, जे२ला तेवढेच -२०ला. म्हणजे -१५ला चालणाऱ्या फ्रेमसाठी जेआर घेतलं तर तिथे ते किती एनर्जी खाईल याची कोणी हमीच दिलेली नाही, नशिबाने चांगलं निघेलही, पण मी तरी जे२च घेईन. टेस्टमध्ये तुटलेला तुकडा बघा, राखाडी तंतूंसारखा आणि कडेने फुगलेला असेल तर डक्टाइल, सपाट आणि चकाकता दाणेदार असेल तर ब्रिटल. आणि हो, जे२ म्हणजे -२०पर्यंत बिनधास्त असंही नाही, टेस्टपीस १० मिमीचा असतो, जाड प्लेट, वेल्ड असेल तर डक्टाइलचं ब्रिटल होण्याचं ट्रान्झिशन वरच्या तापमानाकडे सरकतं.